ज्वारीच्या तक्त्यात १००:५०:५०, मग एकराला पोती किती?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. मी मंगळवेढा तालुक्यातला. परवा एका खताच्या दुकानात भिंतीवर पिकांच्या खतमात्रेचा मोठा तक्ता लावलेला दिसला. गर्दी होती, म्हणून बाजूला उभं राहून मोबाईलवर फोटो काढून आणला. फोटो खाली जोडलाय. रब्बी ज्वारीच्या ओळीत मला १००:५०:५० दिसतंय.

आबांचा हिशेब सरळ आहे. १०० म्हणजे एकराला दोन पोती युरिया, ५० म्हणजे एक पोतं डीएपी. पोटॅश ते घालत नाहीत. इतकी वर्षं असंच चाललंय आणि ज्वारी चांगली येते. यंदा मात्र डीएपी मिळेना. दुकानदार म्हणाला, सुपर घ्या. आबा म्हणाले, मग डीएपीच्या जागी एक पोतं सुपर टाकू. मला ते पटेना, पण का पटत नाही तेही सांगता येईना.

रान सातबाऱ्यावर ० हेक्टर ६० आर आहे. काळं, विहिरीच्या कडेचं. दोन-तीन पाणी होतील. बियाणं फुले रेवती आणलंय. या तुकड्याला खत नेमकं किती लागेल?

रानवाट

सोपं आहे दादा. असे तक्ते हेक्टरी असतात. अडीचने भागा. १०० चे ४०, ५० चे २०. एकराला युरिया ४० किलो, सुपर २० किलो, पोटॅश २० किलो. तुम्ही इतकी वर्षं अडीचपट खत घालत होता.

आणि फोटो मोठा करून बघितला तर मधला आकडा मला ६० दिसतोय, ५० नाही.

भीमाकाठ

रानवाट, आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ४० किलो युरियात ज्वारी पिवळी पडेल, हे लिहिणाऱ्यानं कधी पाभर धरली नसेल. राग मानू नका. पण मलाही एकदम निम्म्यावर यायचा धीर होईना.

डाळिंब_सांगोला

माझ्याकडेही याच तक्त्याचा फोटो आहे. त्यात डाळिंबाला ६२५:२५०:२५० लिहिलंय. अडीचने भागून एकरी २५० किलो नत्र येतं. बरोबर ना? माझी बाग साडेचार बाय तीन मीटरवर आहे, सहावं वर्ष.

काळी_माती

डाळिंबवाले दादा, थांबा. तुमच्या ओळीतला आकडा किलो नाही आणि हेक्टरीही नाही. तो ग्रॅममध्ये आहे, एका झाडाला, वर्षभराचा. साडेचार बाय तीनवर एकरी साधारण ३०० झाडं बसतात. म्हणजे एकरी १८७ किलोच्या आसपास नत्र, तेही बहराच्या वेळापत्रकाप्रमाणे हप्त्या-हप्त्यानं. एकाच तक्त्यात फळझाडांच्या ओळींचं एकक वेगळं असतं आणि ते बहुतेक वेळा त्या भागाच्या डोक्यावर एकदाच लिहिलेलं असतं. फोटोत तेवढंच सुटतं. शेणखत आणि बहराचं सगळं इथं मावणार नाही. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात विचारा, तुम्हाला जवळ आहे.

भीमाकाठ, तुमच्या फोटोत वरची ओळ कापली गेलीय, त्यामुळे ‘किलो/हेक्टर’ आहे की आणखी काही, ते दिसत नाही. शिवाय फोटो तिरका आहे. ज्वारीच्या चार-पाच ओळी आहेत आणि डावीकडून उजवीकडे जाताना नजर एक ओळ खाली घसरते. पुन्हा त्या बाजूला गेलात तर तक्त्यासमोर सरळ उभं राहून दोन फोटो काढा. एकात वरचं शीर्षक यावं, दुसऱ्यात फक्त ज्वारीच्या ओळी आणि खालची टीप यावी. तोवर दोन गोष्टी सांगा. रान किती खोल आहे? आणि त्या दोन-तीन पाण्यांची खात्री आहे का?

पंढरीचा

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडीला खत घालतं कोण? आमच्या पाहुण्यांकडे नुसत्या ओलीवर ज्वारी येते आणि तिच्या भाकरीची चव दुसरीकडे मिळत नाही. उगाच खर्च वाढवू नका.

भीमाकाठ

पंढरीचा, कोरडवाहू रानात आम्हीही फारसं घालत नाही. हा तुकडा भिजणारा आहे, म्हणून विचारतोय.

काळी_माती, विहिरीच्या कामाला खणलं तेव्हा चार फुटांपर्यंत काळी मातीच होती. पाण्याचं म्हणाल तर दोन पाणी नक्की, तिसरं थंडीवर.

आज जाऊन नवा फोटो काढला, जोडतोय. वर ‘नत्र : स्फुरद : पालाश (किलो/हेक्टर)’ असं आहे. ज्वारीच्या ओळी अशा:

कोरडवाहू, हलकी जमीन २५:०:०
कोरडवाहू, मध्यम ४०:२०:०
कोरडवाहू, भारी ६०:३०:०
बागायत, मध्यम ८०:४०:४०
बागायत, भारी १००:५०:५०

आधी मोबाईलवर फोटोतला मजकूर उचलून बघितला होता. त्यानं १००:५०:५० कोरडवाहूसमोर लावून टाकलं. आकडे बरोबर, ओळ चुकीची. म्हणून हे हातानं उतरवलंय.

काळी_माती

आता बोलता येईल. साठ सेंटिमीटरच्या, म्हणजे दोन फुटांच्या खाली काळी माती जात असेल तर ती भारी. तुमची चार फूट आहे, पाणीही आहे. म्हणजे शेवटची ओळ.

रानवाट यांना ६० दिसलं होतं, त्याचंही सांगतो. धूसर फोटोत मराठी ५ आणि ६, तसेच १ आणि ९ सहज गोंधळतात. पण हा तक्ता आपणच आपली खूण देतो. जिथं स्फुरद आहे तिथं तो नत्राच्या बरोबर निम्मा आहे: ४०ला २०, ६०ला ३०, ८०ला ४०. मग १००ला ६० कसं येईल? प्रत्येक पिकाला असं सोपं प्रमाण असेलच असं नाही, पण एका पिकाच्या ओळी एकमेकींशी ताडून बघितल्या की चुकलेला आकडा बहुतेक सापडतो.

आता मुख्य गोष्ट. आबाही पूर्ण चुकलेले नाहीत आणि रानवाटही पूर्ण बरोबर नाहीत.

तक्त्यातला आकडा खताचा नाही, अन्नद्रव्याचा आहे. १०० किलो नत्र म्हणजे १०० किलो युरिया नव्हे. युरियात नत्र ४६ टक्के. म्हणून दोन पायऱ्या लागतात. हेक्टरचं एकर करायला अडीचने भागायचं आणि अन्नद्रव्याचं खत करायला पोत्यावरच्या टक्केवारीने भागायचं. रानवाट यांनी पहिली पायरी केली, दुसरी राहिली. ४० किलो नत्र हवं होतं, त्यांनी ४० किलो युरिया सांगितला. त्यातून नत्र मिळणार साडेअठरा किलो. ज्वारी पिवळी पडेल हे आबा बरोबर बोलले.

आबांच्या दोन्ही पायऱ्या राहिल्यात, पण त्यांच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. अडीचने भागलं नाही म्हणून आकडा अडीचपट झाला, ४६ टक्क्यांचा विचार केला नाही म्हणून तो निम्म्याहून कमी झाला. सरळ मांडा: १०० भागिले अडीच ४०, ४० भागिले ०.४६ म्हणजे ८७ किलो युरिया. आता युरियाचं पोतं ४५ किलोचं असतं. आबांची दोन पोती म्हणजे ९० किलो. जवळजवळ तेच!

डीएपीतही स्फुरद योगायोगानं ४६ टक्केच आहे, म्हणून तिथंही जमलं. २० किलो स्फुरदाला ४३ किलो डीएपी पुरतं, आबा ५० टाकायचे. फार बिघडत नाही. फक्त डीएपीसोबत १८ टक्के नत्रही जातं. ५० किलोत ते ९ किलो झालं, आणि आबा ते युरियातून वजा करत नव्हते. म्हणजे एकरी ४० ऐवजी ५० किलो नत्र जात होतं. पाव हिस्सा जास्त.

पण ही युक्ती ४६ टक्केवाल्या खतापुरतीच चालते. सुपरमध्ये स्फुरद आहे १६ टक्के. एक पोतं, ५० किलो सुपर म्हणजे ८ किलो स्फुरद. हवं आहे २०. यंदा आबांच्या मापानं गेलात तर स्फुरद निम्म्यापेक्षाही कमी पडेल आणि ते लगेच दिसणारही नाही. रोपाची मुळं आखूड राहतात, पानांवर जांभळट झाक येते. पण थंडीतही तशी झाक येते, त्यामुळे माणूस हवेवर ढकलतो. आणि उगवून आल्यावर वरून टाकलेलं स्फुरद मुळापर्यंत जात नाही, ते जिथं पडलं तिथंच मातीत बांधलं जातं. म्हणून हा हिशेब पेरणीआधीच जमायला हवा.

रानवाट

मान्य. टक्केवारी माझ्या डोक्यातच आली नाही. भावाला मागच्या आठवड्यात असंच सांगितलंय, आजच फोन करतो.

भीमाकाठ

हे आबांना हळूहळू दोनदा वाचून दाखवलं. युरिया आणि डीएपीचं पटलं. गेल्या वर्षी पोटरीच्या पुढं गेल्यावर ज्वारी लोळली होती, ती जास्तीच्या नत्रानंच का, असं विचारतायत.

काळी_माती

तेवढ्यावरून सांगता येणार नाही. जास्त नत्रानं ताट उंच आणि लुसलुशीत होतं, लोळायला सोपं जातं. पण वारा, दाटी, पाणी दिल्या दिल्या आलेला वारा, हेही असतं.

दुकानातून

मी बार्शीकडे खताचं दुकान बघते, म्हणून थोडं लिहिते. माझ्यासमोर रोज दहा जण मोबाईलवरचा फोटो धरून उभे राहतात. काउंटरवर मी प्रत्येक खताला एकच गुणक धरते, म्हणजे दोनदा भागत बसावं लागत नाही. हेक्टरी तक्त्यातल्या आकड्यावरून एकराचं थेट खत काढायचं तर युरियाला आकड्याची सत्त्याऐंशी टक्के, सुपरला अडीचपट आणि पोटॅशला दोन-तृतीयांश. म्हणजे १०० ला ८७ किलो युरिया, ५० ला १२५ किलो सुपर, ५० ला ३३ किलो पोटॅश. युरियाला आबांचं माप का जुळतं आणि सुपरला का नाही, ते यातच दिसतं.

भीमाकाठ दादा, तुमचा तुकडा ६० आर आहे, त्यामुळे एकरात जायचीही गरज नाही. तक्ता हेक्टरी, सातबारा हेक्टरी. ०.६० ने गुणा. नत्र ६०, स्फुरद ३०, पालाश ३० किलो. मग:

युरिया ६० ÷ ०.४६ = १३० किलो
सुपर ३० ÷ ०.१६ = १८७ किलो
पोटॅश ३० ÷ ०.६० = ५० किलो

युरियाची तीन पोती, सुपरची चार आणि पोटॅशचं एक. युरिया पाच किलो आणि सुपर तेरा किलो जास्त होतं, तेवढ्याची चिंता नको. गुंठ्यात मोजत असाल तरी आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच. ६० आर म्हणजे दीड एकराला जरा कमी.

आणि एक. डीएपी नसलं की सगळीकडे सांगतात, एका डीएपीला तीन सुपर आणि एक युरिया. सुपरचं बरोबर आहे, तीन पोत्यांत २४ किलो स्फुरद येतं आणि डीएपीच्या पोत्यात २३. पण डीएपीच्या पोत्यातलं नत्र ९ किलो, त्याला २० किलो युरिया पुरतो. पूर्ण पोतं घातलं तर दुप्पट होतं. अर्ध्या पोत्यालाही थोडं कमीच धरा.

भीमाकाठ

ताई, फार उपकार झाले. सुपरची चार पोती ऐकून आबा दचकले, पण तीन सुपर म्हणजे एक डीएपी हे त्यांना कळलं. पेरताना सगळं एकदम टाकायचं का?

दुकानातून

नाही. सुपर आणि पोटॅश सगळं पेरताना. युरिया निम्मा पेरताना, म्हणजे ६५ किलो, निम्मा महिन्यानं. दोन चाड्यांच्या पाभरीनं पेरता ना? एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत. युरिया आणि बी एका चाड्यात कधीच नको, उगवण मारली जाते. युरिया आणि सुपर कालवून रात्रभर ठेवू नका. मिश्रणाला पाणी सुटतं, गोळे होतात आणि चाडं तुंबतं. पाभर जुंपल्यावर लागेल तेवढंच कालवा. दाणेदार सुपर मिळालं तर तेच घ्या, भुकटी नळीत अडकते.

माढेकर

मी माती तपासून घेतलीय. माझ्या अहवालात नत्र १६० किलो प्रति हेक्टर आहे. तक्त्यात ज्वारीला १०० सांगितलंय. म्हणजे माझ्या रानात गरजेपेक्षा ६० किलो आधीच जास्त आहे, तर युरिया टाकायचाच नाही ना?

काळी_माती

दादा, हे दोन आकडे वजा करायचे नसतात. एकक सारखं दिसतं म्हणून मोह होतो. अहवालातला आकडा जमिनीची प्रत सांगतो, तो सगळा पिकाच्या तोंडात पडत नाही. २८० च्या खाली नत्र म्हणजे जमीन नत्राला कमीच. तुमचं १६० आहे, म्हणजे तक्त्यातल्या मात्रेत कपात नाही, उलट पाव हिस्सा वाढवायला सांगतात. अहवालात आकड्याशेजारी ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ असा शेरा असतो. तो बघा आणि तक्त्याची मात्रा त्याप्रमाणे सव्वापट किंवा पाऊणपट करा. मग पोत्यांचा हिशेब.

पंढरीचा

मग पालाशचं काय? आपल्याकडच्या काळ्या मातीत पालाश भरपूर असतं. तक्त्यातही कोरडवाहूला शून्यच आहे. आबा पोटॅश घालत नाहीत ते बरोबरच करतात. ते पोतं वाचवा.

काळी_माती

कोरडवाहूत तुमचं म्हणणं खरं आहे. बागायतीत उत्पन्न जास्त, कडबा जास्त, आणि कडब्याबरोबर पालाश रानाबाहेर जातं. ताटं विकली किंवा जनावरांना घातली आणि शेणखत परत त्याच रानात आलं नाही तर दरवर्षी तेवढी घट. अहवालात पालाश ‘जास्त’ असेल तर मी पाव हिस्सा कमी करीन, अहवाल नसेल तर तक्त्यावर राहीन.

पंढरीचा

मी तरी एक वर्ष अर्ध्या रानात घालून आणि अर्ध्यात न घालून बघितलं होतं. डोळ्याला फरक दिसला नाही.

काळी_माती

डोळ्याला दिसणार नाही, दाण्याच्या वजनात दिसला तर दिसेल. तुम्ही वजन केलं होतं का?

पंढरीचा

नाही केलं. पण घालणाऱ्यांपैकीही कुणी केलेलं मला माहीत नाही.

दुकानातून

दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं. माझ्या गिऱ्हाइकांत दोन्ही प्रकारची माणसं आहेत आणि दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत. भीमाकाठ दादा, घ्यायचंच ठरलं तर ५० किलो घ्या, आबांच्या मापानं एकराला एक म्हणून दीड पोतं नको. पोटॅश ६० टक्के आहे, तिथं आबांचं माप दीडपट होतं.

भीमाकाठ

पेरणी झाली. सुपर चार पोती, पोटॅश अर्धं पोतं, युरिया ६५ किलो. युरिया घरच्या काट्यावर तोलून घेतला. आबांनी स्वतः चाडं धरलं. खताचं चाडं सारखं भरावं लागत होतं, एवढं खत ज्वारीला पहिल्यांदाच जातंय असं म्हणत होते. पोटॅशवर घरात एकमत झालं नाही, म्हणून पंढरीचा यांच्यासारखंच केलंय. विहिरीकडच्या बाजूला घातलं, उरलेल्या निम्म्याला नाही. कणसं वेगळी मोडून वजन करू.

एकच शंका राहिली. यंदा विहिरीचं पाणी आत्ताच खाली गेलंय. महिन्यानं द्यायचा युरिया द्यायच्या वेळी पाणीच नसेल तर?

काळी_माती

तर तो देऊ नका. कोरड्या मातीवर पडलेला युरिया मुळाला मिळत नाही, बराचसा हवेत जातो. पाणी नाही म्हणजे तुमचं रान तक्त्यात दोन ओळी वर गेलं: कोरडवाहू, भारी, ६०:३०:०. तुमच्या ६० आरला ३६ किलो नत्र. पेरताना ३० गेलंच आहे. सहा किलोचा फरक राहतो, त्यासाठी कोरड्यात युरिया फेकायचा नाही. पाणी झालं तर पाण्याच्या आधी ओळीच्या कडेनं द्या आणि त्याच दिवशी भिजवा.

भीमाकाठ

कळलं. उरलेली पोती तोंड बांधून माळवदावर ठेवलीत. पहिलं पाणी कधी जमतंय ते बघून इथंच लिहीन.